भेंडीचा मेसेज आणि बघ्यांची गर्दी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टँकरची चौकशी चालू असते आणि मध्येच एका ताईंचा नवऱ्यासाठीचा मेसेज येतो, "येताना अर्धा किलो भेंडी आण." चूक कुणाचीही होते हो! पण मग नुसते हसरे इमोजी? "आमच्याकडेही आणा"? अरे, त्या ताईंना कुणी सांगेल का? नवरा तिकडे स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यासमोरून रिकाम्या हाताने रिक्षात बसला! त्यात घाईत 'डिलीट फॉर मी' दाबलं, की मेसेज फक्त त्यांच्या फोनवरून जातो, आमच्याकडे तसाच. लगेच, काही सेकंदांत, 'अनडू' दाबलं तरच 'डिलीट फॉर एव्हरीवन' करता येतं. एकानेच, वेगळ्या चॅटवर लिहा ना: "ताई, भेंडीचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आलाय, मिस्टरांना पाठवा." एवढं जड जातं?