स्किल नव्हतं म्हणे, मग 2019 मध्ये कुठून आलं?

निबंधासाठी कोणीतरी दिलेला सल्ला: "2008 च्या मंदीनंतर अमेरिकेत बेकारी वाढली ती डिमांड, म्हणजे मागणी, पडल्यामुळे नाहीच. नोकऱ्या होत्या, लोकांकडे स्किल नव्हतं, वर बेकारी भत्ता चालू, मग काम कोण करेल? निबंधात सरळ सप्लाय साइड, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूचं कारण, लिहून टाका."

नोकऱ्या होत्या? 2009 च्या मध्यावर एका रिकाम्या जागेमागे सहाच्या वर बेकार माणसं होती, मंदीच्या आधी दोनसुद्धा नव्हती. ऑक्टोबरमध्ये बेरोजगारी 10 टक्क्यांवर गेली.

आता स्किल. हा मुद्दा अगदीच फालतू नाही हां, फेड म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, तिच्या मिनियापोलिस शाखेचे तेव्हाचे अध्यक्ष कोचरलाकोटा यांनीही ऑगस्ट 2010 मध्ये हेच मांडलेलं, की बांधकामावरचे कामगार फेडला काही कारखान्यातले करून देता येत नाहीत. पण तसं असतं तर दोन गोष्टी दिसायला हव्या होत्या. एक, बेकारी घरबांधणीसारख्या बुडालेल्या धंद्यांपुरती राहायला हवी होती, तर ती जवळपास सगळीकडे वाढली, डिग्रीवाल्यांचीही 2 टक्क्यांच्या आसपासची 5 च्या आसपास गेली, आता यांची डिग्री काय रातोरात पुसली गेली का? दुसरं, जिथे माणूस मिळत नाही तिथे मालक पगार वाढवतो, गवंडी मिळेना झाला की रोजी वाढते तसं. इथे उलट पगारवाढ 3 च्या वरून 2 टक्क्यांच्या आसपास आली आणि काही वर्षं तिथेच रेंगाळली. कोचरलाकोटांनी स्वतः 2012 मध्ये मत बदललं आणि बेरोजगारी 5.5 च्या खाली येईपर्यंत व्याजदर कमीच ठेवा, म्हणजे मागणीला आधार द्या, म्हणाले.

भत्ता काही राज्यांत 99 आठवड्यांपर्यंत मिळायचा, हे खरं. त्याने थोडेफार लोक सावकाश शोधत असतील, किती यावर अभ्यासकांचं भांडण आहे. पण सहा जणांत एकच खुर्ची असेल तर एक जण आळसावला म्हणून खुर्ची रिकामी राहत नाही, दुसरा बसतो.

2019 मध्ये बेरोजगारी 3.5 वर आली आणि महागाई 2 च्या आसपासच, कामाची माणसं खरंच कमी असती तर ती भडकली असती. इथे कोणी म्हणेल लोकांनी शोधणंच सोडलं म्हणून आकडा पडला, आणि ते काही अंशी बरोबर आहे, म्हणून 25 ते 54 वयातले कामावर असलेले बघा: 2007 ला 80 टक्के, मग 75, 2019 ला परत 80. एवढ्यांना नवीन स्किल कोणी शिकवलं?

सप्लाय साइड लिहायचीच असेल तर 1973 चा तेलाचा झटका घ्या ना, तेव्हा तेलाचे भाव एकदम चढले होते. 1974 च्या शेवटी महागाई 12 च्या वर, मे 1975 ला बेरोजगारी 9. मागणी पडली असती तर महागाई अशी भडकली नसती.