सव्वाशेचा माठ

निघताना बायकोनं बजावलं होतं, "सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरू करा." त्यामुळे शिखर शिंगणापूरच्या चैत्रातल्या यात्रेत मी घासाघीस करायलाच उतरलो. शंभूमहादेवाचं दर्शन नंतर.

"अडीचशे," माठ विकणाऱ्या कुंभारीण मावशी म्हणाल्या.

"शंभर."

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मलाच कुठं चीर गेलीय. मग मी खोट काढायला लागलो. पाणी भरून ठेवलेला माठ बाहेरून ओला होता. "गळतोय की हा!"

"गळत न्हाय, पाझरतोय. ते पानी वाऱ्यानं सुकतं म्हणून आतलं गार ऱ्हातं. कोरडा ठणठणीत माठ घ्याल तर पानी चहाला बरं."

दुसऱ्यावर काळा डाग सापडला. "करपलाय."

"धुराचा हाय, दादा. डाग बघू नगा, आवाज ऐका." त्यांनी बोटाचं पेर मारलं. टणन्! मग जाणकाराचा आव आणून मी रांगेतले सगळे वाजवत सुटलो. सातवा 'बद्द' वाजला. मावशींनी तो उन्हात धरून केसाएवढी चीर दाखवली आणि बाजूला ठेवला. "तुमच्या शंभरात ह्यो बसतो. झाड लावा."

इथे शहाणा माणूस उठला असता. मी बसकण मारली आणि विचारलं, "पण अडीचशे होतात कसे?"

"तुमीच मांडा." मी मोबाइल काढला. भाजायला आव्यात पन्नास माठ रचले. माती, लीद, जळण मिळून तीन हजार. सात आव्यातच तडकले, तीन टेम्पोत. टेम्पो आणि जागाभाडं दोन हजार. म्हणजे पाच हजार भागिले चाळीस.

सव्वाशे. बायकोचं निम्मं! मी विजयानं वर पाहिलं.

"आन् आमी दोघं आठ दिस राबलो, त्ये?" मावशींनी तळवा पुढं केला. चाकावर म्हणे नुसता गळा आणि जाड बूड होतं. मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत माठाचं पोट काढायचं. गोळा धरून धरून तळव्याच्या मधोमध घट्टा पडला होता, रुपयाएवढा.

अडीचशेनं चाळीसही खपले तर वर पाच हजार उरतात. दोघांचे मिळून सोळा दिवस. माणशी रोज तीनशे बारा रुपये. मी दोनशेचा भाव घालून पाहिला तर एकशे सत्त्याऐंशी आले. मोबाइल खिशात टाकला आणि मुकाट अडीचशे मोजले.

"ह्यो पन न्या," म्हणत मावशींनी चिरलेला माठ माझ्या काखेत कोंबला. "मगाधरनं त्याच्यावर तुमचा लई जीव."

घरी बायकोनं दोन्ही माठ पाहिले. "कितीला?"

"दोन्ही मिळून अडीचशे."

"म्हणजे सव्वाशेला एक! मी म्हटलंच होतं, निम्म्यात देतात."

आता पुढच्या वर्षी शेजारच्या तिघींचे माठही मीच आणायचेत. त्याच भावानं.