डिस्चार्ज कार्ड ग्रुपवर टाक म्हणे!

आज जिनिंगमध्ये डोकं फिरायची वेळ आली. कापसाच्या गाड्या गेटपासून रस्त्यापर्यंत लागल्या होत्या, मी वजनकाट्याच्या पावत्या फाडत बसले होते. तेवढ्यात मोबाइल वाजला. पाहते तर आमच्याच ऑफिसातल्या पोराने त्याच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेला. पोरगं पाच दिवस भरती होतं, कालच परत आलं. साहेबांनी सांगितलं होतं, "कार्ड टाक ग्रुपवर, मंग पगार निघन." त्याने टाकलं. खाली एकाने हसणारा चेहरा टाकला.

त्याला काय झालं होतं ते मी इथे लिहिणार नाही. विचारूही नका.

साहेबांना पाहिजे होतं ते एवढंच, की हा माणूस त्या पाच दिवसांत खरंच दवाखान्यात होता का. त्यासाठी त्याच्या शरीरात काय बिघडलं हे वीस जणांनी कशाला वाचायचं? पगार दिवसांचा कापता, रोगाचा नाही ना?

मला एवढा राग का येतो ते माझ्या जवळच्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी आज लिहूनच टाकते. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये मी तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात भरती होते. तिसरा महिना लागला होता आणि घरात नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. रात्री रक्त जायला लागलं. अकरा तारखेला भरती, चौदाला सुट्टी. तेव्हा मी दुसरीकडे नोकरीला होते. तिथे कार्डाची झेरॉक्स मागितली, म्हणून मी कार्ड दिलं. शिपाई ते घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेला. दुकानदार नेमका आमच्या सासरच्या गावचा. कार्डावर लिहिलं होतं, इनकम्प्लिट अबॉर्शन. डॉक्टरांच्या भाषेत पोट आपोआप पडलं तरी शब्द तोच असतो. गावात त्याचा एकच अर्थ होतो.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "काहून पाडलं वं? मले सांगतलं त असतं."

इंग्रजीत आठ अक्षरांचा तो शब्द. पुढे आशाताईंनी घरी जाऊन त्यांना समजावलं, "मावशी, आपोआप झालं तरी इंग्रजीत तेच लिहितात," तेव्हा कुठे त्या बोलायला लागल्या. तोवर तेरा दिवस गेले होते. मी मोजले होते.

आता कोणी म्हणेल, ताई, खोटे दाखले आणून सुट्ट्या मारणारेही आहेतच ना. आहेत. मीही दोघांना ओळखते. पण खोटं पकडायला रोग वाचावा लागत नाही, तारखा आणि आंतररुग्ण क्रमांक पुरतो.

हे मला कोणी शिकवलं? एका मोठ्या दवाखान्याच्या रेकॉर्ड सेक्शनमधल्या बाबूंनी. तीन वर्षांपूर्वी नवरा तिथे भरती होता. सुट्टी झाल्यावर मी कार्डाची झेरॉक्स काढायला निघाले, तर बाबू म्हणाले, "ऑफिसात द्यायची का? मग कार्ड नका देऊ. भरती-सुट्टीचा दाखला घ्या." मी पहिल्यांदाच ऐकलं. साध्या कागदावर अर्ज लिहायला लावला, नवऱ्याची सही घेतली, आधारची झेरॉक्स जोडली. अर्जात एक ओळ त्यांनी मुद्दाम घालायला लावली: "दाखल्यात निदान व उपचारांचा उल्लेख करू नये." ही ओळ नसली तर टाइप करणारा सवयीने कार्डावरचं सगळं उतरवतो.

दाखला असा होता. वर लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख. मग: "प्रमाणित करण्यात येते की श्री. अमुक, वय अमुक, आंतररुग्ण क्रमांक अमुक, हे या रुग्णालयात दिनांक अमुक रोजी भरती होते व दिनांक अमुक रोजी त्यांना सुट्टी देण्यात आली. त्यांना पुढील सात दिवस विश्रांतीचा सल्ला दिला असून त्यानंतर ते कामावर रुजू होण्यास योग्य आहेत. हा दाखला त्यांच्या विनंतीवरून देण्यात येत आहे." सही, नोंदणी क्रमांक, गोल शिक्का. संपलं.

त्यातलं विश्रांतीचं वाक्य महत्त्वाचं आहे. माझ्या वेळी ते कुठेच नव्हतं, म्हणून अकरा ते चौदा एवढेच दिवस धरले आणि पुढच्या आठवड्याचा पगार कापला. दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणजे माणूस त्याच दिवशी गठाणी उचलायला मोकळा झाला असं नसतं. जड उचलायचं नसेल तर तेवढंच लिहून घ्यायचं, "दोन आठवडे जड काम देऊ नये". का, ते लिहायची गरज नाही.

आणि एक गोष्ट, जी मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसली. पहिला कागद आला त्यावर सहीखाली डॉक्टरांच्या विभागाचा शिक्का होता. बाबूंनी तो पाहिला, काही न बोलता फाडला आणि वैद्यकीय अधीक्षकांच्या शिक्क्याचा दुसरा आणून दिला. निदान लिहिलं नाही, पण खाली प्रसूती विभाग किंवा मानसोपचार विभाग छापलेलं असेल तर लपलं काय? बिलाचंही तेच. दाखल्यासोबत पूर्ण बिल जोडलं की कोणतं ऑपरेशन झालं ते रकमेसकट वाचता येतं.

काही जण डॉक्टरांना म्हणतात, खरं नका लिहू, नुसता ताप लिहा. तसं करू नका बाप्पा. खोटा दाखला दिला तर डॉक्टरांची नोंदणी धोक्यात येते आणि तुम्हीही खोटे ठरता. रोग न लिहिणं वेगळं, खोटा रोग लिहिणं वेगळं.

डॉक्टरांवर तर बंधन आहेच. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत रुग्णाचं गुपित फोडायचं नाही असं आहे, अपवाद कोर्टाचा आदेश वगैरे मोजके. एचआयव्ही आणि मानसिक आजारासाठी 2017 चे वेगळे कायदेही आहेत. पण गंमत अशी की डॉक्टर तोंड उघडत नाही आणि आपणच कार्ड साहेबांच्या टेबलावर ठेवून येतो.

बरं, एक मान्य करते. सगळीकडे हा दाखला चालत नाही. त्याच नियमांतल्या सुट्टीच्या नमुन्यात आजाराची रिकामी जागा आहे, त्यामुळे काही ऑफिसं ती भरून मागतात. विमा कंपनीला निदान लागतंच, पण ते विम्याला द्यायचं, ऑफिसच्या ग्रुपला नाही. आणि माझ्यासारख्या बाईला कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. ती हवी असेल तर पुरावा द्यावाच लागतो. मला तेव्हा हे माहीतच नव्हतं. माहीत असतं तर मी मागितली असती का? खरं सांगते, नसती मागितली. पण ठरवलं मी असतं. झेरॉक्सवाल्याने नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. साहेब वाईट नाहीत, नवऱ्याच्या वेळी दवाखान्यात डबा त्यांच्याच घरून आला होता. त्यांना फक्त कोणी सांगितलं नाही की दुसरा कागद मिळतो.

दुपारी पोराला बाजूला घेतलं. त्याने फोटो डिलीट केला, पण चौदा जणांनी पाहिला होता. म्हणाला, "ताई, आता दाखला आणून काय फायदा?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग म्हटलं, फाइलमध्ये तरी कार्डाच्या जागी तो लागेल. पुढच्या वर्षी फाइल कोण उघडेल काय सांगता येतं?

सोमवारी आठच्या बसने आम्ही दोघं रेकॉर्ड सेक्शनला जातोय. अर्ज मी आजच लिहून ठेवला.

साहेब, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे माहीत आहे. माझी सोमवारची अर्धी सुट्टी मांडा. कारण: खाजगी.