पाठवणीचं गाणं नवरीच्या तोंडून लिहायचं असेल तर...

पाठवणीची बहुतेक गाणी नवरी गाते असं म्हटलं जातं, पण बोलत असतो मांडवात उभा राहून तिच्याकडे पाहणारा माणूस. चिमणी उडाली, तुळस दुसऱ्या अंगणात गेली, परक्याचं धन निघालं. हे सगळं बाहेरून दिसणारं आहे. निघण्याच्या घटकेला कुठलीच मुलगी स्वतःकडे चिमणी म्हणून पाहत नसते. म्हणून माझी साधी कसोटी अशी की ओळीतला 'मी' बदलून 'ती' करा. तीच ओळ बाप, काका किंवा शेजारीण तितक्याच सहज म्हणू शकत असेल, तर ती नवरीची नाही. खोडा.

मग तिच्या डोक्यात काय असतं? घरातली कामं असतात. 'तुझे उपकार कसे फेडू' ही ओळ कुणीही लिहील. आईच्या गोळीची वेळ मात्र फक्त तिलाच माहीत असते. कृतज्ञता त्या सूचनेत आपोआप येते, तिचं नाव घ्यावं लागत नाही.

छंद अष्टाक्षरी घ्या. ओळीला आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या-चौथ्या ओळीत यमक. आठ मात्रांच्या संथ केरवा तालात मात्रेला एक अक्षर धरलं की एका आवर्तनात एक ओळ बसते.

आई, रात्रीची ती गोळी
जेवल्यावर घ्यायची
डबी वरच्या कप्प्यात
चष्म्यापाशी ठेवायची

नव्या घरी कळेल ना
रात्री बटण दिव्याचे
हात चाचपेल भिंत
नाव कुणाचे घ्यायचे

पण आई, सांगू का गं
पाय आधीच निघाले
त्याच्या खिशात अजून
माझे तिकीट राहिले

जाते म्हणू नये, येते
तुझा नियम हा जुना
आज तोच शब्द आई
तोंडातून का निघेना

इथे सगळ्यात मोठा धोका आहे तो एका भावनेला एक कडवं वाटून देण्याचा. पहिलं आभाराचं, दुसरं भीतीचं, तिसरं आनंदाचं असं केलं की गाणं यादीसारखं वाजतं. म्हणून प्रत्येक कडव्याखाली दुसरी भावना हवी. गोळीच्या कडव्यात हुकमाचा सूर आहे, पण तो काळजीतून आलाय: उद्यापासून आठवण कोण करणार? दुसऱ्या कडव्यात भीतीला जागा दिली आहे ती दिव्याच्या बटणाची. सासर वाईट असेल ही भीती गाण्यात मोठी आणि पोकळ वाटते. अंधारात हाक कुणाला मारायची ही खरी वाटते. शिवाय 'नाव घ्यायचे' म्हटलं की उखाणा आठवतोच. दिवसभर सगळ्यांच्या आग्रहाने जे नाव लाजत घेतलं, तेच रात्री अंधारात घेता येईल का, हा प्रश्न त्या एका ओळीत मावतो. लाजही तिथेच आहे, थोडी गंमतही.

आनंद तर बहुतेक गाण्यांतून गायबच असतो, आणि मला याचा खरोखर राग येतो. रडली नाही तर मुलगी निर्दय ठरेल या धाकाने लिहिणारे तिचा आनंद दागिन्यांवर आणि शालूवर ढकलतात. आनंद माणसाचा असायला हवा. खिशातलं जुनं तिकीट एसटीचं की सिनेमाचं, ते सांगायची गरज नाही. दोघांचं आधीचं काहीतरी आहे एवढं कळलं की पुरे. आणि 'सांगू का गं' काढू नका. आनंद सांगायलाही ती परवानगी मागते आहे, ते त्या चार अक्षरांत आहे.

चौथं कडवं मात्र तिन्ही भावना एकत्र धरतं. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. तो शब्द आईने शिकवलेला, म्हणजे ऋण तिथे आहे. तो निघत नाही कारण गळा दाटलाय, असं एक जण ऐकेल. दुसरा ऐकेल की मनाने ती केव्हाच गेली आहे, आता 'येते' म्हणणं तिलाच खोटं वाटतंय. दोन्ही अर्थ राहू द्या, पाचवं कडवं लिहून उलगडू नका.

गाताना एक अडचण हमखास येते. आपण बोलताना 'कप्प्यात'मधला शेवटचा 'त' हलन्त म्हणतो, छंदात मात्र तो पूर्ण अक्षर मोजला आहे. असा शब्द ताणायच्या जागी आला की गायक 'कप्प्याताऽ' करतो आणि ओळ हास्यास्पद होते. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा शेवट दीर्घ स्वरावर ठेवला आहे: घ्यायची, दिव्याचे, निघाले, जुना. सूर तिथे धरता येतो. 'कप्प्यात', 'भिंत', 'अजून' हे तिसऱ्या ओळीत आहेत, तिथे न थांबता पुढे जायचं.

ध्रुपद म्हणून 'येते, येते' घोळवायचा मोह संगीतकाराला होईलच. होऊ देऊ नका, कारण जो शब्द निघत नाही तोच वीस वेळा म्हटला तर चौथं कडवं मेलं. शेवटी काही परत घ्यायचंच असेल तर 'निघेना'वर तबला थांबवा आणि पहिल्या कडव्याच्या दोन ओळी नुसत्या आवाजात घ्या: आई, रात्रीची ती गोळी, जेवल्यावर घ्यायची.