गाडी गेली, विमा राहिला

जुनी गाडी विकायला काढली की येणारा प्रत्येक जण आधी टायरला लाथ मारतो, मग ॲव्हरेज विचारतो आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणतो, "विमा आहे ना हो?" माझ्या गाडीचा विमा अजून आठ महिने चालणार होता. त्यामुळे या प्रश्नाला मी मान ताठ करून उत्तर द्यायचो. गाडी शेवटी ज्या मुलाने घेतली, तो तर हे ऐकून हरखूनच गेला.

"म्हणजे काका, आठ महिने विम्याचं बघायलाच नको!"

"बघायला हवं," मी म्हणालो. "चौदा दिवसांत बघायला हवं."

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. पॉलिसीची मागच्या पानांवरची बारीक छपाई वाचणारी जी दुर्मीळ जमात आहे, तिच्यात मी मोडतो, आणि आमच्या जमातीला लोक कायम असंच हसतात.

त्याला जे समजावण्यात माझा घसा कोरडा पडला ते असं. गाडीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत दोन वेगवेगळी माणसं एका छपराखाली राहतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरून देणारी. दुसरी ओन डॅमेज, म्हणजे तुमच्याच गाडीला पोचा आला किंवा ती चोरीला गेली तर उभी राहणारी. गाडी विकली की पहिली बाई नव्या मालकाबरोबर मुकाट नांदायला जाते. मोटार वाहन कायदा, 1988, त्याचं कलम 157 तसं सांगतं: विक्रीच्या तारखेपासून प्रमाणपत्र आणि पॉलिसी नव्या मालकाच्या नावे गेली असं मानायचं. पण घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून नोंद बदलून घ्यायची, हेही तिथेच लिहिलंय.

दुसरी मात्र मानी. ती बोलावल्याशिवाय येत नाही. ओन डॅमेज नव्या मालकाकडे न्यायची तर त्याने स्वतः मागणी करायची, विकणाऱ्याने संमती द्यायची, विक्रीचा पुरावा जोडायचा, नवा प्रपोजल फॉर्म भरायचा आणि कंपनीने एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कागद, काढायचं. तोवर ती अधांतरी. समजा, या मधल्या दिवसांत त्या मुलाने गाडी खांबावर घातली. कंपनी मला म्हणणार, "गाडी तुमची नाही, तुमचं नुकसान काय?" आणि त्याला म्हणणार, "पॉलिसी तुमची नाही, तुम्ही कोण?" दोन्ही प्रश्न रास्त. खांब तेवढा खरा. कलम 157 ने ओन डॅमेज आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही नव्वदच्या दशकातच सांगून ठेवलंय.

"पण काका, पॉलिसीचा कागद तर माझ्याच डॅशबोर्डात आहे," मुलगा म्हणाला.

कागद डॅशबोर्डात असला की विमा आपला, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यापुढे संसदेचे कायदे फिके पडतात.

घरात वेगळाच सूर. मेहुणे चहाला आले आणि त्यांनी प्रकरण मिटवून टाकलं. "रद्द कर रे पॉलिसी. उरलेल्या महिन्यांचा परतावा घे. त्याचं तो बघेल." ऐकायला झकास. पण गाडी दुसरीकडे विमाबद्ध झाल्याचा कागद दाखवल्याशिवाय कंपनी थर्ड पार्टीचा भाग सहसा रद्द करत नाही, कारण रस्त्यावर बिनविम्याची गाडी सोडायची कुणालाच मुभा नाही. आणि समजा केला रद्द, तर धोंडा पडणार तो माझ्याच पायावर. आरसी बुकावर नाव कुणाचं? अजून माझंच. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी विकली गेली, पुढे आणखी हातोहात गेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं आणि अपघात झाला. न्यायालय म्हणालं, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे आरसी बदलेपर्यंत त्या गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू राहण्याची गरज तिच्या नव्या मालकापेक्षा मला जास्त. शिवाय आरटीओला नाव बदलताना चालू विमा दाखवावा लागतो. विमाच रद्द केला तर नाव बदलणार नाही आणि नाव बदललं नाही तर मी सुटणार नाही. हे सगळं मी मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू फार विचार करतोस."

रद्द करणं शोभतं ते एकाच वेळी. घेणाऱ्याने आपल्या नावाने नवीकोरी पॉलिसी काढली, ती दाखवली आणि आपण क्लेम घेतलेला नसला, तर जुनी बंद करून उरलेल्या मुदतीचा परतावा मागता येतो. आमच्या मुलाला नवी पॉलिसी नको होती. त्याला माझीच हवी होती. कारण ती, त्याच्या हिशेबाने, फुकट होती.

मग एका संध्याकाळी मी त्याला समोर बसवलं आणि कागदावर मांडून दाखवलं. माझ्या ओन डॅमेजचा हप्ता मुळात होतो 12,000 रुपये. पाच वर्षं एकही क्लेम नाही म्हणून मला पन्नास टक्के नो क्लेम बोनस. त्यामुळे मी भरले 6,000. हा बोनस गाडीचा नाही, माणसाचा. गाडी विकली तरी तो माझ्याकडेच राहतो. पाच वर्षं मी जपून चालवली, त्याचं बक्षीस पुढच्याला कसं मिळणार? तेव्हा पॉलिसी त्याच्या नावावर करताना कंपनी ही सूट काढून घेते. वर्षाची सूट 6,000, उरले आठ महिने, म्हणजे 4,000 रुपये, वर जीएसटी. शिवाय बदलाची किरकोळ फी.

त्याने आकडा दोनदा वाचला.

"म्हणजे फुकट नाही?"

"आठ महिन्यांचा विमा अर्ध्या किमतीत मिळतोय, हे काय कमी आहे?"

"पण तुम्ही म्हणाला होता विमा आहे."

"आहेच."

यावर तो बराच वेळ टायरकडे बघत बसला. अर्थात त्याचं चुकलं नव्हतं. भाव ठरवताना ‘विमा चालू’ हे दोन शब्द सगळे वापरतात आणि हे चार हजार कुणीच सांगत नाही. मी आधीच सांगितले होते, पण बारीक छपाईसारखंच बारीक आवाजात. शेवटी आम्ही ते निम्मे-निम्मे वाटून घेतले.

आता मूळ कसोटी: कागद. आरटीओचा फॉर्म 29 म्हणजे मी गाडी दिल्याची खबर, फॉर्म 30 म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. सह्या दोघांच्या, आणि सही पॅनकार्डावर आहे तशीच हवी. माझी सही तरुणपणी झोकदार होती. आता ती हृदयाच्या आलेखासारखी येते. चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लावायचा होता. त्यासाठी तो मुलगा बॉनेटमध्ये डोकं घालून, कागद पत्र्यावर दाबून, शिसं हळूहळू फिरवत होता आणि आकडे एकेक करून उमटत होते. शेवटचा आठ होता की तीन, यावर आमचा वाद झाला. तो आठच होता.

विकणाऱ्याने करायचं खरं काम एकच आणि ते फुकट होतं: डिलिव्हरी नोट. गाडी दिल्याची तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, दोघांच्या सह्या. वेळ लिहायची म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "वेळ कशाला, काका?" मी म्हटलं, "अरे, पाच वाजता मी गाडी दिली आणि सहा वाजता सिग्नलला चलान आलं, तर ते कुणाचं?" त्याने निमूट सही केली. हीच नोट विमा कंपनीला विक्रीचा पुरावा म्हणूनही चालली.

पण खरी गोम पुढे. चौदा दिवसांची मुदत विमा कंपनीकडे, आणि आरसीवर नवं नाव येतं आरटीओच्या चालीने. मुलगा म्हणाला, "आरसी आली की एकदमच करू." हाच तो सापळा ज्यात निम्मं गाव अडकतं. आरसीची वाट बघायची नाही. फॉर्म 29, 30, त्यांची पावती, डिलिव्हरी नोट, माझं संमतीपत्र, जुनी पॉलिसी आणि त्याचा प्रपोजल फॉर्म एवढं घेऊन लेखी अर्ज आधी द्यायचा, पोच घ्यायची आणि आरसी नंतर जोडायची. काही कंपन्या आरसीशिवाय एंडॉर्समेंट काढत नाहीत, काही गाडीची तपासणीही मागतात. पण अर्ज वेळेत पोहोचल्याची पोच हातात असली की निदान आपली बाजू मांडायला तोंड राहतं. नशिबाने आमची एकच कंपनी. 2018 च्या सप्टेंबरनंतरच्या नव्या गाड्यांना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो आणि ओन डॅमेज दुसऱ्याच कंपनीचा असू शकतो. तिथे हाच सगळा खेळ दोन खिडक्यांवर.

मी मुलाला रोज फोन करायला लागलो. सुरुवातीला तो "नमस्कार काका" म्हणायचा. नंतर फक्त "हो काका." शेवटी शेवटी त्याची आई उचलायची आणि म्हणायची, "तो कंपनीत गेलाय हो, विम्याच्याच." खरं की खोटं, देव जाणे.

दरम्यान मी माझा बोनस पकडायला गेलो. गाडी विकल्याचा पुरावा दाखवला की कंपनी एक पत्र देते, त्यावर बोनसचा टक्का असतो. पुढच्या तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली तर तिच्या ओन डॅमेजवर तो लावता येतो. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "नवी गाडी घेतली का?" मी नाही म्हटलं. "मग घाई काय?" म्हणाल्या. घाई ही की विक्रीचे कागद आज हाताशी आहेत. तीन वर्षांनी ते कुठल्या पेटीत असतील, हे मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक होतं. पत्र मिळालं. टक्का बरोबर, तारीख बरोबर.

मुलाचं एंडॉर्समेंटही आलं. त्याने लगेच फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "झालं, काका!" मी फोटो मोठा करून पाहिला. आरसीच्या अर्जावर त्याचं आडनाव एका स्पेलिंगचं, पॉलिसीवर दुसऱ्या. क्लेमच्या वेळी दोन्ही कागद शेजारी ठेवतात आणि फरक दिसला की तिथेच गाडी अडते. मी फोन लावला.

"आई, आहे का तो?"

"आहे, पण कशाला हो आता?"

"नाव दुरुस्तीचंही एंडॉर्समेंट असतं म्हणावं. लेखी अर्ज, पॅनची प्रत, आणि पोच घ्यायला विसरू नको."