"डिनाइड"च्या खालची ओळ वाचा ना बाप्पा

आज ऑफिसातल्या पोरानं मोबाईल दाखवला अन् माझं डोकंच फिरलं. बायकोच्या हर्नियाच्या ऑपरेशनचं कॅशलेस विमा कंपनीनं नाकारलं म्हणून हा थेट इतवारीत सोनं गहाण ठेवायला निघालेला. म्हटलं, पूर्ण मेसेज वाचला का? नाही. "डिनाइड" दिसलं, मोबाईल खिशात.

मी तरी कुठं शहाणा होतो म्हणा. आईच्या पित्ताशयातल्या खड्यांच्या वेळी धंतोलीतल्या दवाखान्यात मीही असाच काउंटरवर ओरडत होतो. मेसेजमध्ये Excl02 लिहिलेलं, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळण्याआधीची प्रतीक्षा, आमच्या पॉलिसीत 24 महिन्यांची. खडे, हर्निया, मोतीबिंदू सहसा याच यादीत असतात. मी ओरडतोय, "2019 पासून हप्ते भरतोय, कसली प्रतीक्षा?" काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, खालची तारीख बघा." पॉलिसी सुरू: जून 2024.

तेव्हा ट्यूब पेटली. त्या जूनमध्ये आम्ही पॉलिसी पोर्ट केली होती, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेली होती, अन् नवी कंपनी स्वतःच्या तारखेपासून मोजत होती. पोर्ट केल्यावर आधी पूर्ण झालेली प्रतीक्षा सोबत येते. म्हणजे मेसेजमध्ये अट लिहिली होती, पण कमी होता तो कागद! भावाकडून जुन्या पाचही वर्षांच्या पॉलिसी मागवल्या, त्याच क्लेम नंबरवर फेरविचारासाठी पाठवल्या. संध्याकाळी मंजुरी आली. पोर्टचं रेकॉर्ड कंपनीकडेच असताना हा खटाटोप आम्ही काहून करायचा, हा राग मात्र अजून गेला नाही.

म्हणून आधी कोड बघा, मग तारीख, मग आपल्या पहिल्या पॉलिसीची तारीख. Excl01 असेल तर गोष्ट वेगळी. तो जुन्या आजाराचा कोड आहे. तिथं भांडण "त्रास कधीपासून" यावर असतं. मग पहिल्या तपासणीची चिठ्ठी अन् डॉक्टरांनी फॉर्ममध्ये लिहिलेला कालावधी जुळतो का, ते पाहावं लागतं. "ग्राह्यता ठरवता येत नाही" असं लिहिलं असेल, तर बहुतेक वेळा कागदच मागताहेत. अन् कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम मेला असं नाही. बिल भरून नंतर मागता येतं.

बरं, कंपनी नेहमीच चुकीची असते असंही नाही. पोर्ट करताना विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेला प्रतीक्षा नव्यानं लागते. आईचं बिल जुन्या 3 लाखांच्या आत होतं म्हणून आम्ही सुटलो.

दुपारी पोराला शेजारी बसवून त्याची पॉलिसी उघडली. पोर्ट-बिर्ट काही नाही. पहिलीच पॉलिसी, 14 महिन्यांची, अन् यादीत हर्निया 24 महिने. आता कोणताही कागद जोडून उपयोग नाही, नंतर बिल टाकलं तरी हीच अट आडवी येणार. सकाळी उगाच ओरडलो बिचाऱ्यावर. दहा महिने थांबणं चालेल का, हे विचारायला तो सर्जनकडे गेलाय. सोनं सध्या घरीच आहे.