‘पळवाट’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

बालविवाह गुन्हा असला तरी ते लग्न आपोआप रद्द होत नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: ‘ताई, शहरात बसून गोड गोड लिहायला काय जातं? बालविवाह गुन्हा आहे ना, मग तो आपोआप रद्द का होत नाही? ही पळवाट आहे आणि तुम्ही तिची तरफदारी करताय. कायदा २००६ पासून लागू आहे हेही चूक. अशा लग्नातून झालेल्या मुलांबद्दल तर दोनच ओळी.’

सालाचं बरोबर आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा, पण तो १ नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘शहरात बसून’? दादा, मी कुठे वाढले हे तुम्हाला माहीत नाही, आणि विचारायची तसदीही तुम्ही घेतली नाहीत. माझं बालपण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड्यांच्या वस्तीवर गेलं. मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल नवराबायकोच्या जोडीवर मिळते, त्या जोडीला कोयता म्हणतात. पोरगं कमवतं झालं की त्याचं लग्न का उरकतात, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या मावशीचं लग्न १९८६ साली झालं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. लग्नानंतर बाराव्या वर्षी नवऱ्याने तिला दोन मुलांसह घराबाहेर काढलं. पोटगीच्या दाव्यात त्याच्या वकिलाने पहिलाच मुद्दा काढला: लग्न बेकायदा होतं, म्हणून ही बायकोच नव्हे. तो टिकला नाही, कारण त्या वेळचा कायदा लग्न लावणाऱ्याला शिक्षा करायचा, पण लग्न मोडत नव्हता. तुमचं ‘आपोआप रद्द’ तेव्हा असतं, तर मावशी रस्त्यावर आली असती.

गुन्हा आणि लग्नाची वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्पवयीन मुलीशी लग्न करणाऱ्या १८ वर्षांवरच्या पुरुषाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लग्न मोडलं नाही म्हणून ही शिक्षा टळत नाही. लग्न मात्र शून्यकरणीय आहे. म्हणजे ते उभं राहतं, पण लग्नाच्या वेळी जो पक्ष बालक होता त्याला ते रद्द करून घेता येतं. प्रौढ नवऱ्याला हा हक्क नाही. दार एकाच बाजूने उघडतं, आणि ते मुद्दाम तसं केलं आहे. नाहीतर कंटाळलेल्या नवऱ्याने ‘लग्न बेकायदा होतं’ म्हणत हात झटकले असते.

सोळाव्या वर्षी बावीस वर्षांच्या मुलाशी लग्न लावून दिलेल्या मुलीचं उदाहरण घ्या. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, आणि सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, म्हणजे तिने वीस वर्षं पूर्ण करण्याआधी. अठराच्या आत अर्ज करायचा तर पालक किंवा वादमित्र, म्हणजे तिच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती लागते, सोबत बालविवाह प्रतिबंध अधिकारी. गावात हा अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. घोडं इथेच अडतं. ज्या बापाने लग्न लावलं तोच पालक, आणि मुलीला मुदत माहीत नसते. वीस उलटली की घटस्फोटाचीच वाट उरते. जन्मनोंद आणि शाळा सोडल्याचा दाखला आधीच जपून ठेवा, कारण सगळा दावा वयावर उभा असतो.

हुकूम झाला की दोन्हीकडचे दागिने, पैसे, भेटी परत करायच्या. मुलीला पुनर्विवाहापर्यंत पोटगी आणि राहायची सोय मिळू शकते.

मुलांबद्दल दोनच ओळी म्हणता, तर घ्या. लग्न रद्द झालं तरी हुकमाआधी जन्मलेलं किंवा पोटात असलेलं मूल ‘सर्व प्रयोजनांसाठी’ औरस धरलं जातं. हे शब्द महत्त्वाचे आहेत. हिंदू विवाह कायद्यातही शून्य, म्हणजे मुळातच अवैध असलेल्या विवाहातल्या मुलांना औरस मानलं आहे, पण तिथे मालमत्तेचा हक्क आईबापांच्या मालमत्तेपुरता ठेवला आहे. इथे तशी अट घातलेली नाही. ताबा आणि पोषणखर्च कोर्ट ठरवतं, मुलाचं हित पाहून.

आता खरी उणीव, जी तुम्हाला दिसली नाही. पळवून नेऊन, विकून किंवा जबरदस्तीने लावलेलं लग्न मुळातच शून्य असतं. पण औरसपणाचं कलम फक्त अर्जाने रद्द झालेल्या लग्नांचा उल्लेख करतं. म्हणजे सगळ्यात जास्त छळलेल्या मुलीच्या लेकराबद्दल कायदा इथे गप्प आहे. भांडायचं तर यावर भांडा, मी तुमच्या सोबत येईन. कर्नाटकाने २०१७ साली सगळेच बालविवाह शून्य ठरवले, त्यामुळे हा प्रश्न तिथे अधिकच टोकदार होतो.

‘तरफदारी’ हा शब्द मी विसरणार नाही. मावशीच्या सासरच्या सातबाऱ्यावर आज तिच्या दोन्ही मुलांची नावं आहेत.